आजीला पत्र: 'नात' होती, आता 'नातू' आहे, हे सोप्या मराठीत कसं सांगायचं

आजीचं वय ऐंशीच्या आसपास. नात शहरात नोकरीला. गेल्या काही महिन्यांत फोनवर नातीचा आवाज जाड येऊ लागलाय आणि आजी दर वेळी विचारते, "घसा बसलाय का गं? सुंठ-गूळ घे." नातीला माहीत आहे की घसा बसलेला नाही. आपण मुलगी नसून मुलगा आहोत हे तिला, म्हणजे खरं तर त्याला, लहानपणापासून जाणवतंय. आई-वडिलांना सांगून झालंय, औषध सुरू झालंय. राहिली आजी.

अशा वेळी बहुतेक जण इंटरनेटवरून एखादं इंग्रजी पत्र घेतात आणि त्याचं मराठी करतात. ते पत्र बिघडतं, कारण त्यातले शब्द आजीचे नसतात आणि मराठी क्रियापदं इंग्रजीसारखी वागत नाहीत. हा लेख त्या पत्राबद्दल आहे: त्यात काय लिहायचं, काय वगळायचं, आणि आजीचे प्रश्न आले की काय सांगायचं.

आधी एकच अवघड शब्द

जन्माच्या वेळी शरीर पाहून सुईण किंवा डॉक्टर 'मुलगा' की 'मुलगी' ते सांगतात. बहुतेकांच्या बाबतीत ते आतल्या जाणिवेशी जुळतं, काहींच्या बाबतीत जुळत नाही. ज्यांचं जुळत नाही त्यांना मराठीत पारलिंगी म्हणतात, बोलताना ट्रान्स. मुलगी म्हणून वाढलेला पण मुलगा असलेला माणूस म्हणजे ट्रान्स पुरुष. आपण इथे त्याचंच उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे आज्यांना ट्रान्स पुरुष असतात हेच सहसा माहीत नसतं.

हे शब्द लेखासाठी ठीक आहेत. पत्रात यातला एकही नको. नवा शब्द दिसला की आजीला तो आजाराचं नाव वाटतो, आणि पुढचं सगळं पत्र ती आजाराची हकीकत म्हणून वाचते.

मराठीत 'मी' बोलला की लिंग कळतं

इंग्रजी पत्रात 'मी' स्त्री की पुरुष ते क्रियापदावरून कळत नाही. मराठीत 'मी आले' आणि 'मी आलो' यांतूनच सगळं उघड होतं. त्यामुळे पहिल्याच ओळीत 'मी तुला पत्र लिहितो आहे' असं आलं की आजी तिथेच अडखळते. तिला वाटतं शुद्धलेखन चुकलं, किंवा पत्र दुसऱ्याच कुणाचं आहे. उलट सगळं पत्र 'लिहिते, आले, गेले' असं लिहिलं, तर जे सांगायचं त्यालाच पत्राची भाषा खोटं पाडते.

यातून सुटका मराठीनेच ठेवली आहे. आपल्या भाषेत बोलणाऱ्याचं लिंग न दाखवणाऱ्या वाक्यांचा मोठा साठा आहे. 'मला वाटतं', 'माझं जेवण झालं', 'मी चहा घेतला', 'मी दिवाळीला येईन' यांत कुठेच ते कळत नाही. भविष्यकाळात कळत नाही, आणि 'मी भाकरी खाल्ली' यासारख्या वाक्यात क्रियापद भाकरीच्या मागे जातं. म्हणून पत्राचा पहिला भाग अशाच वाक्यांत लिहावा, कारण सांगून व्हावं, आणि मग पहिल्यांदा एकच 'मी झोपतो' यावं. तोवर आजीला त्या 'तो'चा अर्थ कळलेला असतो.

एक प्रादेशिक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. कोल्हापूर भागात अनेक बायकांच्या तोंडीही 'मी आलो, मी जातो' असतं. तिथल्या आजीला क्रियापदातला बदल जाणवणारच नाही. तिच्या पत्रात 'नातू' हा शब्द स्पष्ट यायला हवा.

पत्र

खालचा नमुना कल्पित आहे, नावंही. पण प्रत्येक वाक्य का आहे याला कारण आहे.

> ती. आजीस,
> साष्टांग नमस्कार.
>
> माझी तब्येत उत्तम आहे. नोकरी व्यवस्थित चालू आहे, जेवण वेळेवर होतं. काळजीचं काही नाही, हे आधी सांगायचं होतं.
>
> फोनवर माझा आवाज तुला घोगरा वाटतो आणि तू दर वेळी सुंठ-गूळ सांगतेस. घसा बसलेला नाही. आवाज बदलतो आहे, आणि का बदलतो आहे ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं.
>
> तुझ्या थोरल्या भावाची गोष्ट तूच सांगितली आहेस. ते डावरे होते. डाव्या हाताने घास घेतला की पाठीत धपाटा मिळायचा. शेवटी ते उजव्या हाताने जेवायला शिकले, पण शेतात विळा शेवटपर्यंत डाव्याच हातात असायचा. सवय लागली, हात काही बदलला नाही.
>
> माझं तसं आहे. माझा जन्म झाला तेव्हा शरीर पाहून सगळ्यांनी मुलगी म्हटलं. त्यात कुणाचं चुकलं नाही, जे दिसलं ते सांगितलं. पण मला कळू लागल्यापासून आपण मुलगा आहोत असंच आतून वाटत आलंय. परकर-पोलकं घालून फोटोला उभं राहणं म्हणजे मला उजव्या हाताने जेवणं होतं. जमायचं, पण माझं नव्हतं.
>
> यावर डॉक्टरांशी पुष्कळ बोलणं झालं, तपासण्या झाल्या, आता औषध चालू आहे. आवाज त्यानेच जाड झाला. पुढे दाढी-मिशा येतील. दिवाळीत मी येईन तेव्हा तुला एकदम धक्का बसू नये, म्हणून आत्ताच सांगितलं. आता रात्री मी शांत झोपतो. आई-बाबांना सगळं माहीत आहे.
>
> मधुरा हे नाव तू ठेवलंस. ते नाव मला कधी वाईट वाटलं नाही, पण ते मुलीचं आहे. म्हणून तुझ्याच ठेवलेल्या नावातला 'म' घेऊन मी मिहिर हे नाव घेतलं. लग्नात तुझं नाव बदललं तेव्हा पहिले काही दिवस नव्या नावाची हाक तुलाच उमगायची नाही, असं तू म्हणतेस. इथेही तसंच होईल. चुकलीस तर मला राग येणार नाही.
>
> काही विचारायचं असेल तर विचार. लगेच काही बोलावंसं वाटलं नाही तरी चालेल. चकल्या मात्र कडक कर, मागच्या वर्षीच्या मऊ पडल्या होत्या.
>
> तुझा नातू,
> मिहिर

हे पत्र असंच का

आजीच्या पिढीत कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड म्हणजे कुणी गेल्याची बातमी, हे लहान मुलालाही माहीत असायचं. अचानक आलेल्या, गंभीर सुराच्या पत्राची भीती त्या पिढीत अजून आहे. म्हणून तब्येत, नोकरी, जेवण पहिल्या ओळीत. 'मला माफ कर, तुला एक मोठी गोष्ट सांगायची आहे' अशी सुरुवात सर्वांत जास्त घोटाळा करते. माफी वाचली की आजी मनात कर्करोगापासून पळून जाऊन केलेल्या लग्नापर्यंत सगळं उभं करते, आणि खरं कारण वाचताना तिचे हात कापत असतात.

डावऱ्या हाताचा दाखला चालतो, कारण तिने तो प्रकार डोळ्यांनी पाहिलेला असतो: मूल बदलत नाही, दबावाखाली फक्त वागणं बदलतं. पण हा दाखला एका जागी थांबतो, हेही माहीत असावं. डावरेपणाला औषध लागत नाही. आजीने ते विचारलं तर सरळ म्हणावं, "हो, तेवढा फरक आहे."

नावाचा दाखला याहून बळकट आहे. महाराष्ट्रात कित्येक घरांत लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने सुनेचं नवं नाव लिहीत आणि त्या दिवसापासून सगळं सासर तिला त्याच नावाने हाक मारी. आजी स्वतः त्यातून गेलेली असते. वीस वर्षांचं नाव एका दिवसात बदलतं आणि माणूस तोच राहतो, हे तिला समजावून सांगावं लागत नाही. फरक असा की तिचं नाव इतरांनी बदललं, इथे नातवाने स्वतः निवडलंय. काही आज्यांना हा फरक लगेच भिडतो.

पुराणातले दाखले जपून वापरावेत. शिखंडी सगळ्यांना आठवतो, कारण तो मुलगी म्हणून जन्मला आणि पुढे पुरुष झाला. पण भीष्मांनी त्याला पुरुष मानलंच नाही, आणि आपल्या बोलीत 'शिखंडी' ही शिवी आहे. बृहन्नडा तर अर्जुनाचा वर्षभराचा वेश होता, म्हणजे 'वेश उतरव आणि घरी ये' असा उलटा अर्थ निघतो. आजीने स्वतःहून अर्धनारीनटेश्वराचं नाव काढलं तर तिला बोलू द्यावं.

कागद, अक्षर आणि वाचणारा

पत्र हाताने लिहावं, ठळक, दोन ओळींत जागा सोडून. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना निळ्यापेक्षा काळी शाई बरी. व्हॉट्सॲपवर पाठवू नये. आजीचा फोन बहुधा घरातलं दुसरंच कुणीतरी हाताळतं आणि बोट लागून संदेश कुटुंबाच्या ग्रुपवर जायला वेळ लागत नाही.

सर्वांत जास्त विसरली जाते ती गोष्ट म्हणजे आजीला पत्र वाचून कोण दाखवणार. पुष्कळ घरांत ते काका किंवा शेजारची शाळकरी पोर असते. तसं असेल तर पत्र आधी त्यांच्यापर्यंत पोचतं. म्हणून आपला भरवशाचा माणूस निवडावा, त्याला आधी फोनवर सगळं सांगावं, आणि तो घरी असेल त्या दिवशीच पत्र द्यावं. गणपती, घरातलं लग्न, आजीचं आजारपण हे दिवस टाळावेत. आजीच्या आधी आई-वडिलांना कळलेलं असावं. नाहीतर ती मुलगा आणि नातवंड यांच्यामध्ये गुपित घेऊन बसते, आणि त्या वयात ते ओझं फार आहे.

घरातून शिक्षणाचा खर्च येत असेल किंवा राहण्याची जागा घरच्यांवर अवलंबून असेल, तर ती सोय तुटली तर काय, हे ठरवल्याशिवाय पत्र पाठवू नये. इथे घाई केली तर शिक्षण अर्धवट सुटतं, मुलं रस्त्यावर येतात.

"म्हणजे तू टाळ्या वाजवणाऱ्यांत जाणार का?"

आजीने आयुष्यात जे पाहिलं त्यावरून हा प्रश्न येणारच. तो अपमान करायला विचारलेला नसतो, तिला भीती वाटत असते. उत्तर: हिजडा समाजाची स्वतःची जुनी परंपरा आहे, त्यात गुरू-चेले असतात, रीती असतात. त्यात जाणं ही वेगळी गोष्ट आहे. नातू आहे तिथेच राहणार, तीच नोकरी करणार.

इथे एक चूक सहज होते. आजीला धीर देण्यासाठी 'मी काही तसला नाही' असं बोललं जातं. ते टाळावं. त्या माणसांनाही घरातून हाकललं गेलं म्हणूनच त्यांतल्या कित्येकांनी ते घर धरलं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ च्या निकालात आपलं लिंग कोणतं हे सांगण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे असं म्हटलं, तेव्हा ते हिजड्यांपासून ट्रान्स पुरुषांपर्यंत सगळ्यांसाठी होतं.

"चांगल्या डॉक्टरला दाखव, बरं होईल"

दाखवलं आहे, हे पत्रात आहेच. पुढे एवढं सांगावं की हा आजार मानला जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांची यादी नव्याने केली, ती २०२२ पासून लागू झाली. तीत हे मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढलं आहे. आणि 'समजावून, औषध देऊन पुन्हा मुलगी करून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरपासून लांब राहावं. असा उपचार करणं म्हणजे व्यवसायातलं गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

औषधाबद्दल आजीला फक्त जे दिसणार-ऐकू येणार ते सांगावं. औषध म्हणजे टेस्टोस्टेरॉन, पुरुषाच्या शरीरात असतो तो रस, सहसा इंजेक्शनने. आवाज बहुधा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत फुटू लागतो, वयात येणाऱ्या मुलासारखा मध्येच चिरका होतो, आणि वर्ष-दोन वर्षांत स्थिरावतो. पाळी बहुतेकांची सहा महिन्यांत थांबते. दाढीची लव सहा महिने-वर्षभरात दिसते, भरगच्च दाढीला चार-पाच वर्षंही लागतात. पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात, कारण या औषधाने रक्त दाट होऊ शकतं. आजीला हे "रक्त वेळेवर तपासतात" एवढंच पुरतं, पण ते ऐकून तिला खरंच बरं वाटतं.

"औषध सोडलं तर परत पहिल्यासारखं होईल ना?" असं तिने विचारलं तर खोटी आशा दाखवू नये. पाळी सहसा परत येते. जाड झालेला आवाज परत बारीक होत नाही.

शस्त्रक्रियेचा विषय पत्रात नसावा. तिने विचारलं आणि सांगावंसं वाटलं तर सांगावं. "ते डॉक्टर आणि मी बघू" हेही पूर्ण उत्तर आहे.

"आमचंच काही चुकलं का?"

हा प्रश्न आजी बहुधा तोंडाने विचारत नाही. ती आठवत बसते: लहानपणी हौसेने शर्ट-पँट शिवली होती, केस कापले होते, 'माझा वाघ' म्हणून हाक मारली होती. म्हणून न विचारताच सांगावं. शर्ट घातल्याने कुणी मुलगा होत नाही. तसं असतं तर परकर घालून तो मुलगी झाला असता. नेमकं कारण विज्ञानाला सापडलेलं नाही, पण वाढवण्यातल्या चुकीने असं होतं याला पुरावा नाही. 'माझा वाघ' ही हाक ऐकून त्या पोराला किती बरं वाटायचं, हे आठवत असेल तर तेही सांगावं.

"शेजारणीला काय सांगू?"

'लोक काय म्हणतील' याला 'लोकांचं सोड' हे उत्तर आजीला उपयोगाचं नाही. तिला रोज त्याच ओट्यावर बसायचं आहे. तिला एक तयार वाक्य द्यावं: "आमचा नातू आहे, पुण्याला असतो." जुन्या ओळखीच्या बाईने खोदून विचारलं तर: "तेव्हा मधुरा म्हणायचो, आता मिहिर म्हणतो. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे." दुसरं वाक्य विशेष कामाचं आहे, कारण ज्या घरात सगळ्यांना माहीत आहे तिथे चुगलीला जागा उरत नाही. कुणाला सांगायला हरकत नाही आणि कुणाला अजून नको, तेही तिला स्पष्ट सांगावं.

सणांचं आधी ठरलेलं बरं. भाऊबीजेला धाकटी बहीण आता त्यालाही ओवाळणार, हळदीकुंकवाचं बोलावणं येणार नाही. भिंतीवरचे जुने फोटो काढायचे का, हे आजीने विचारेपर्यंत थांबावं. ते फोटो तिचेही आहेत.

"माझ्या तोंडात ते बसणार नाही"

बसतं, आणि वाटतं त्यापेक्षा सोपं जातं. आजी नातवंडाशी जे बोलते त्यातलं बरंच काही आधीच बिनलिंगी आहे. 'ये, बस, जेव', 'कधी येशील?', 'पैसे आहेत का?', 'तब्येतीला जप'. 'बाळ' तर नपुंसकलिंगीच: 'माझं बाळ आलं'. तेव्हा आजीला नव्याने शिकायच्या गोष्टी चारच: नाव, 'अगं'चं 'अरे', 'आलीस'चं 'आलास', आणि 'नातू'. सुरुवातीला नाव आणि 'अरे' एवढंच मागावं.

ती चुकेल. चुकल्यावर तिने स्वतः सुधारलं तर त्यावर काही बोलू नये. सुधारलं नाही तर पुढच्या वाक्यात आपणच बरोबर रूप वापरावं: तिने 'कधी आलीस?' विचारलं की 'सकाळीच आलो.' चारचौघांत टोकलं की ती नाव घेणंच सोडून देते. मुद्दाम टोमणा म्हणून जुनं नाव घेतलं जात असेल तर ते सुरावरून कळतं, आणि मग एकांतात 'मला ते लागतं' एवढं सांगावं.

आजीला विस्मरणाचा आजार असेल तर हे पत्र देऊ नये. नवी माहिती टिकत नाही, दर वेळी तिला तो पहिलाच धक्का बसतो. तिथे 'बाळ' ही हाक दोघांना पुरते.

हेच पत्र मुलगा म्हणून वाढलेल्या नातीने लिहायचं असेल तर फोनवरच्या आवाजापासून सुरुवात करता येत नाही, कारण तिच्या औषधाने आवाज बदलत नाही. तिथे वाढवलेले केस किंवा कुर्त्यातला फोटो, आजीच्या नजरेला आधी पडलं असेल ते घ्यावं.

पत्र पोचल्यावर

बहुधा चार-आठ दिवस काहीच येत नाही. ते नकार समजू नये. आठवड्याभराने नेहमीसारखा फोन करावा, गुडघ्याचं विचारावं, पत्राचा विषय काढू नये. आजीने स्वतः काढला तर ती पहिल्यांदा अगदी लहानसं काहीतरी विचारते: दाढीला कोणता साबण लावतोस, जेवण कोण करतं. त्या प्रश्नाचं उत्तर नीट, सविस्तर द्यावं. उलट टपाली पत्र आलं तर मायना पाहावा. जुन्या पद्धतीचा 'चि.' मुलग्यालाही असतो, मुलीलाही. त्याच्यापुढे तिने कोणतं नाव लिहिलंय, की नुसतंच 'चि. बाळास' लिहून जागा राखलीय, त्यावरून पुढच्या पत्रात किती सांगायचं ते ठरवता येतं.